मेकॅनम चाकांचा रोबो सरळ सोडला की बाजूला का पळतो: गणित, टेस्ट आणि दुरुस्ती

गेल्या पावसाळ्यात भाच्याच्या स्पर्धेसाठी आम्ही घरातच एक मेकॅनमचा रोबो जोडला. चार चाकं, चार मोटर, खाली अ‍ॅल्युमिनियमची चासी, सगळं मिळून ६ किलो. पहिल्यांदा हॉलमध्ये फरशीच्या सांध्यावर ठेवून सरळ सोडला तर गडी पुढं जायचं सोडून सोफ्याकडं निघाला. भाचा म्हणाला, "मामा, ह्याला रंकाळ्यावर जायचंय वाटतं." दोन आठवडे आम्ही कोडमध्येच खोदत बसलो आणि चूक निघाली चार बोल्टात. त्या दोन आठवड्यांत जे कळलं ते इथं लिहितोय, म्हणजे तुमचे तरी वाचतील.

आधी एकच गोष्ट डोक्यात पक्की करा, पुढचा सगळा लेख त्याच्यावर आहे. रोबो बाजूला सरकतो त्याची कारणं दोन जातीची असतात. एक म्हणजे चाकं सारखी फिरतच नाहीत, हे एन्कोडरला, म्हणजे चाक किती फिरलं ते मोजणाऱ्या सेन्सरला, दिसतं. दुसरी म्हणजे चाकं अगदी सारखी फिरतायत पण जमिनीला सारखी धरत नाहीत, आणि हे एन्कोडरला जन्मात दिसत नाही. पहिल्यावर इलाज कोडमध्ये असतो, दुसऱ्यावर पान्यात. आम्ही दुसऱ्या जातीच्या दुखण्यावर पहिल्या जातीचं औषध देत बसलो होतो.

चाक नेमकं करतंय काय

हे चाक स्वीडनच्या बेंग्ट इलोन नावाच्या इंजिनिअरनं १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला काढलं, तो ज्या कंपनीत होता तिचं नाव मेकॅनम, म्हणून चाकाचं पण तेच. साध्या चाकाच्या कडेला रबर असतं तिथं ह्याला तिरके रोलर असतात, चाकाच्या आसाशी ४५ अंशात, आणि प्रत्येक रोलर स्वतःच्या दांडीवर मोकळा फिरतो. मोकळा फिरतो म्हणजे ज्या दिशेला रोलर गडगडू शकतो त्या दिशेला तो जोर लावूच शकत नाही. जोर लागतो तो फक्त रोलरच्या दांडीच्या रेषेत. म्हणजे साधं चाक ढकलतं नाकासमोर आणि मेकॅनमचं चाक ढकलतं तिरकं, एवढाच सगळा खेळ.

आता वरून बघतोय असं समजा, रोबोचं तोंड तुमच्यापासून लांब, पुढं. पुढचं डावं चाक पुढं फिरवलं की ते रोबोला पुढं-आणि-उजवीकडं ढकलतं. पुढचं उजवं पुढं-आणि-डावीकडं. मागचं डावं पण पुढं-आणि-डावीकडं, मागचं उजवं पुढं-आणि-उजवीकडं. म्हणजे कर्णातली जोडी एका बाजूला ढकलते आणि दुसऱ्या कर्णातली जोडी दुसऱ्या बाजूला. चारी चाकं सारखी पुढं फिरली की डावं-उजवं एकमेकांना खाऊन टाकतं आणि उरतं फक्त पुढं. मेकॅनमचा रोबो सरळ जातो तो असा, रस्सीखेचीत दोन्ही बाजूचे सारख्याच ताकदीचे असल्यासारखा. एका बाजूचा जरा ढिला पडला की दोर सरकला.

चाकं बसवताना डाव्या-उजव्याचा घोळ हमखास होतो कारण सेटमध्ये दोन डाव्या घडणीची आणि दोन उजव्या घडणीची येतात आणि लांबून सगळी सारखीच दिसतात. तपासायचं सोपं आहे. रोबोवर वाकून वरून बघा, प्रत्येक चाकाच्या माथ्यावरचा जो रोलर दिसतोय त्याची रेषा रोबोच्या मध्याकडं जायला पाहिजे, चारी रेषा मिळून इंग्रजी X दिसला पाहिजे. उलटी बसली असली तर चौकट दिसते, जमिनीवरची पतंग असल्यासारखी. तसं झालं तर रोबो पुढं-मागं नीट चालतो, आडवा पण जातो (फक्त दिशा उलटी), म्हणून माणूस फसतो, पण जागेवर गरकन फिरायला सांगितलं की गप्प बसतो किंवा नुसता थरथरतो. पुढच्या-मागच्या चाकातलं अंतर आणि डाव्या-उजव्यातलं अंतर सारखं असेल तर तो जागेवर फिरूच शकत नाही, कारण चाकं ढकलतात ती रेषा बरोबर मधल्या बिंदूतून जाते. दाराच्या बिजागरीवर जोर लावून दार उघडत नाही तसलंच हे.

गणित, घाबरायचं काही नाही

तीन गोष्टी आपण सांगतो: पुढचा वेग `vx`, डावीकडचा वेग `vy`, आणि डावीकडं वळायचा वेग `w`, रेडियन प्रति सेकंदात. चार गोष्टी आपल्याला पाहिजेत, चारी चाकांचे वेग. कोडमध्ये मी पुढच्या डाव्याला `FL`, पुढच्या उजव्याला `FR`, मागच्या डाव्याला `RL` आणि मागच्या उजव्याला `RR` म्हणतो.

```
FL = (vx - vy - k*w) / r
FR = (vx + vy + k*w) / r
RL = (vx + vy - k*w) / r
RR = (vx - vy + k*w) / r
```

`r` म्हणजे चाकाची त्रिज्या. आमचं चाक १०० मिमीचं, म्हणून `r = 0.05` मीटर. `k` म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्यातल्या अंतराचं अर्ध अधिक डाव्या-उजव्या चाकांच्या मध्यातल्या अंतराचं अर्ध. आमच्याकडं ३० सेमी आणि २६ सेमी, म्हणजे १५ अधिक १३, `k = 0.28` मीटर. टेप लावताना चाकाच्या रुंदीच्या मध्यापासून मोजा, बाहेरच्या कडेपासून नाही, इथं बरेच जण चुकतात आणि मग ९० अंश सांगितलं की ९६ फिरतो.

चिन्हं पाठ करायची गरज नाही. वरचं वाक्य आठवा, पुढचं डावं चाक पुढं-उजवीकडं ढकलतं, म्हणून डावीकडं जायचं असेल तर ते उलटं फिरायला पाहिजे, म्हणून `FL` मध्ये `-vy`. डावीकडं वळायला डावी बाजू मागं आणि उजवी पुढं, म्हणून डाव्या दोघांत `-k*w`. झालं.

एक उदाहरण करून बघू. ०.५ मीटर प्रति सेकंदानं सरळ जायचं म्हणजे चारी चाकं ०.५ भागिले ०.०५, १० रेडियन प्रति सेकंद, त्याला ९.५५ नं गुणलं की साधारण ९५ आरपीएम. त्याच वेगानं डावीकडं आडवं जायचं तरी चाकांचा वेग १० च राहतो, फक्त `FL` आणि `RR` उलटे. आणि पुढं-डावीकडं तिरकं, दोन्ही ०.५ नं, म्हटलं की `FL` आणि `RR` शून्य, `FR` आणि `RL` २०. तिरक्यात दोन चाकं झोपा काढतात आणि उरलेल्या दोघांना दुप्पट वेगानं फिरावं लागतं. हे लक्षात ठेवा कारण इथंच मोटरची मर्यादा संपते.

मोटर २० रेडियन प्रति सेकंदाच्या पुढं जात नसेल आणि गणितानं २४ मागितले तर काय करायचं? बरेच जण त्या एका चाकाला २० वर कापतात आणि बाकीची तशीच सोडतात. मग चारातलं प्रमाण बिघडतं आणि रोबो सांगितलेल्या दिशेला न जाता दुसरीकडंच जातो. कापायचं तर चारी चाकांना एकाच प्रमाणात कापायचं, वेग कमी होईल पण दिशा तीच राहील. कोडमध्ये मोटरची ही मर्यादा म्हणजे `MAXW`.

```cpp
void drive(float vx, float vy, float w) {
  float s[4] = {
    (vx - vy - k*w)/r, (vx + vy + k*w)/r,   // FL, FR
    (vx + vy - k*w)/r, (vx - vy + k*w)/r }; // RL, RR
  float m = MAXW;
  for (int i = 0; i < 4; i++)
    if (fabs(s[i]) > m) m = fabs(s[i]);
  for (int i = 0; i < 4; i++)
    target[i] = s[i] * MAXW / m;
}
```

उलटं गणित, खरी मजा इथं आहे

चाकांचे वेग सांगणं झालं. आता चाकं प्रत्यक्षात किती फिरली त्यावरनं रोबो कुठं गेला ते काढायचं. एन्कोडरचे काउंट घ्या, त्याचं प्रत्येक चाकानं कापलेलं अंतर करा (एक फेरा म्हणजे ३१.४ सेमी) आणि हे लावा:

```
x  = ( FL + FR + RL + RR) / 4
y  = (-FL + FR + RL - RR) / 4
th = (-FL + FR - RL + RR) / (4*k)
e  = ( FL + FR) - (RL + RR)
```

`x` पुढं किती, `y` डावीकडं किती, `th` किती वळला. शेवटचं `e` फारसं कुणी लिहीत नाही पण माझ्या मते सगळ्यात कामाचं तेच आहे. रोबोच्या हालचाली तीन आणि चाकं चार, म्हणजे एक चाक जास्तीचं. ते जास्तीचं चाक बाकीच्या तिघांशी पटवून घेतंय का भांडतंय ते `e` सांगतं. रोबो कुठंही जाऊ दे, सरळ, आडवा, वळत, चाकं घसरत नसतील तर पुढच्या दोघांची बेरीज आणि मागच्या दोघांची बेरीज सारखीच यायला पाहिजे. फरक आला की कुठंतरी कुठलंतरी चाक नक्की घसरलं. पण उलटं खरं नाही बरं का, `e` शून्य आला म्हणजे घसरलं नाही असं नाही. हे वाक्य आम्हाला आधी कळलं असतं तर दोन आठवडे वाचले असते.

टेस्ट कशी घ्यायची

जमिनीवर ३ मीटरची सरळ पट्टी मारा, मास्किंग टेपची. रोबोच्या मध्यावर पुढं एक आणि मागं एक अशा दोन खुणा करा, दोन्ही पट्टीवर आणून ठेवा, ०.५ मीटरच्या वेगानं ३ मीटर सोडा. थांबल्यावर दोन मापं घ्या, पुढची खूण पट्टीपासून किती लांब आणि मागची किती लांब. एकच माप घेऊ नका. दोन घेतली की नाक वळलंय का अख्खं धड खेकड्यासारखं सरकलंय ते वेगळं कळतं, आणि पुढचा सगळा निकाल त्याच्यावर आहे.

मग रोबो उचलून त्याच जागेवरनं उलट्या तोंडानं परत सोडा. दोन्ही वेळा रोबोच्या स्वतःच्या उजव्या हाताला सरकला तर दोष रोबोत. दोन्ही वेळा एकाच भिंतीकडं सरकला तर दोष जमिनीत, उतार आहे. आमच्या जुन्या घरात शहाबादी फरशी आहे आणि मोरीकडं पाण्यासाठी उतार दिलाय, तिथं आम्ही आधी एक अख्खा रविवार घालवला. नंतर वरच्या मजल्यावर गुळगुळीत टाइल्सवर गेलो.

प्रत्येक टेस्ट किमान पाच वेळा घ्या. पाचही वेळा साधारण तेवढाच, त्याच बाजूला सरकत असेल तर दोष पकडता येण्यासारखा आहे. कधी डावीकडं कधी उजवीकडं असं असेल तर आधी चाक शाफ्टवर धरून ठेवणारे ग्रबस्क्रू बघा, शाफ्टवर चाक सैल असणार.

पहिलं दुखणं: चाकं सारखी फिरत नाहीत

सुरुवातीला आम्ही चारी मोटरला सारखाच पीडब्ल्यूएम, म्हणजे मोटरला किती जोर द्यायचा तो सिग्नल, देत होतो, एन्कोडर नुसता मोजायला. ३ मीटरनंतर चाकांची अंतरं सेमीत अशी आली: `FL` २९१, `FR` ३००, `RL` ३००, `RR` ३०१. बघायला किरकोळ वाटतं, एक चाक फक्त ३ टक्के मागं. आता वरची गणितं लावू. `x` आला २९८. `y` आला ८ भागिले ४, म्हणजे २ सेमी डावीकडं. `th` आला १० भागिले ११२, म्हणजे ०.०८९ रेडियन, साधारण ५ अंश डावीकडं. `e` आला उणे १०.

म्हणजे सरळ सरकणं फक्त २ सेमी, पण नाक हळूहळू वळत गेलं, सरासरी अडीच अंश धरले तर २९८ सेमीवर त्याचे आणखी १३ सेमी होतात. एकूण १५. टेपनं मोजलं तर १६ भरलं. बघा, रोबो बाजूला गेला असं आपण म्हणतो पण खरं तर तो बाजूला गेलाच नाही, तो वळला आणि वळलेल्या तोंडानं सरळ गेला. दोन खुणांची मापं घेतली म्हणून हे कळलं, पुढची खूण मागच्यापेक्षा बरीच लांब होती.

ह्याच्यावर इलाज सगळ्यांना माहीत असतो, प्रत्येक चाकाला स्वतःचा पीआयडी, म्हणजे एन्कोडर बघत चाकाचा वेग सांगितला तेवढाच ठेवणारा कोड. फक्त एक सांगतो, पीआयडी लावण्याआधी रोबो विटांवर ठेवून चाकं हवेत फिरवून एकदा ती अंतरं बघा आणि मग जमिनीवर बघा. हवेत चारी सारखी आणि जमिनीवर एक मागं असेल तर त्या चाकावर भार जास्त आहे किंवा ते कशाला तरी घासतंय. आमच्या त्या डाव्या चाकाचा रोलर बॉडीच्या पत्र्याला हलका घासत होता, पत्र्यावर काळी रेघ उमटलेली. एक वॉशर घालून चाक बाहेर काढलं आणि फरक १ टक्क्यावर आला, पीआयडी त्यानंतर.

दुसरं दुखणं: चाकं सारखी फिरतायत, तरी पळतोय

पीआयडी लावला. चारी अंतरं ३००, ३००, ३००, ३००. `y` शून्य, `th` शून्य, `e` शून्य. स्क्रीनवर सगळं शाहू महाराजांच्या दरबारासारखं शिस्तीत, आणि जमिनीवर रोबो ११ सेमी उजवीकडं! पुढची खूण ११, मागची पण ११. नाक जराही वळलं नाही, धड मात्र सरकलं. उलट्या तोंडानं सोडला तरी स्वतःच्या उजव्या हातालाच.

इथं आम्ही पीआयडीचे आकडे हलवत बसलो, नाक किती वळलं ते मोजणारा जायरो लावला, जायरो म्हणाला नाक सरळ आहे, मी काय करू. बरोबरच होतं त्याचं. नाक वळलंच नाही तर जायरो दुरुस्त काय करणार?

उत्तर मिळालं ते उद्यमनगरात. भाच्याला चासीला दोन भोकं पाडून पाहिजे होती म्हणून ओळखीच्या लेथवाल्याकडं गेलो. त्या माणसाला मेकॅनम वगैरे काही माहीत नाही, त्यानं रोबो उचलून त्याच्या सरफेस प्लेटवर, म्हणजे अगदी सपाट घडवलेल्या पाटावर, ठेवला, पुढच्या उजव्या कोपऱ्यावर बोटानं टकटक केलं आणि म्हणाला, "डुलतंय की हे. चहाच्या गाड्यावरचं टेबल हाय काय?" आणि खरंच डुलत होतं, अगदी कळेल न कळेल एवढं, टक-टक आवाज येण्यापुरतं.

चार पायांचं टेबल लंगडं असलं की ते कर्णातल्या दोन पायांवर उभं राहतं आणि उरलेले दोन आळीपाळीनं टेकतात. चार चाकांची कडक चासी पण तशीच. साध्या चाकांना त्याचं फारसं काही वाटत नाही, कारण साधं चाक ढकलतं ते नाकासमोरच. मेकॅनमला मात्र ते थेट लागतं, कारण कर्णातली जोडी म्हणजेच एका बाजूला ढकलणारी जोडी! पुढचं डावं आणि मागचं उजवं ह्यांच्यावरच भार असेल तर दोघं मिळून रोबोला पुढं-उजवीकडं ढकलतात, आणि त्यांना उत्तर देणारी दुसरी जोडी जमिनीवर हलकी टेकून नुसती घसरत असते. दुसरी जोडी पूर्ण उचलली गेली असती तर रोबो ४५ अंशात उजवीकडं गेला असता. अर्धवट टेकली म्हणून ११ सेमीवर भागलं. नाक वळत नाही कारण कर्णातली जोडी समतोल असते, एक पुढं एक मागं.

आणि एन्कोडरला हे का दिसत नाही? तो मोटरच्या शाफ्टवर बसलाय. चाक फिरलं एवढंच त्याला कळतं, ते जमिनीला धरून फिरलं का घसरत फिरलं हे कळत नाही, आणि पीआयडी तर घसरणाऱ्या चाकाला पण इमानदारीत ९५ आरपीएमवर ठेवतो. म्हणून `e` शून्य.

डोळ्यानं पडताळायचं असेल तर एक युक्ती आहे. रोबो खरंच सरळ जात असेल तर रोलर स्वतःभोवती फिरतच नाहीत, चाक फिरतं आणि रोलर नुसते एकामागोमाग टेकत जातात. प्रत्येक रोलरवर व्हाइटनरची बारीक रेघ मारा आणि मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये एक चाक शूट करा. सरळ जाताना टेकलेला रोलर स्वतःच्या दांडीभोवती फिरताना दिसला तर समजायचं रोबो सरकतोय किंवा चाक घसरतंय.

भार मोजणं आणि काढणं

स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या (आधी विचारून घ्या, आमच्याकडं त्यावरनं भांडण झालंय). एका चाकाखाली काटा, बाकीच्या तिघांखाली काट्याच्या बरोबर उंचीची प्लायची तुकडी. एकेक करून चारी चाकं मोजा. उंची जुळली का ते बेरजेवरनं कळतं, चारी आकड्यांची बेरीज रोबोच्या एकूण वजनाएवढी यायला पाहिजे. जास्त आली तर काटा उंच बसलाय, कमी आली तर खाली. उंची चुकली तरी चूक चारी चाकांना साधारण सारखीच येते, त्यामुळं आपापसातला फरक बऱ्यापैकी खराच राहतो.

आमचे आकडे, किलोत: `FL` १.९, `FR` १.१, `RL` १.२, `RR` १.८. बेरीज ६.०. पुढचे दोन मिळून ३.०, मागचे दोन ३.०. डावे ३.१, उजवे २.९. म्हणजे वजन अगदी मधोमध! पण कर्ण बघा, `FL` आणि `RR` मिळून ३.७, `FR` आणि `RL` मिळून २.३. जड कर्ण पुढं-उजवीकडं ढकलणारा, आणि रोबो पळत होता उजवीकडंच.

ह्यात बॅटरी हलवून काही होत नाही, ते आम्ही करून बघितलं. बॅटरी पुढं घेतली की पुढच्या दोघांवर भार वाढतो, डावीकडं घेतली की डाव्या दोघांवर, पण कर्णातला फरक तसाच राहतो कारण तो वजनाचा नाही, चासीच्या पिळाचा आहे. आणि पीळ मीच घातलेला, मोटरचे ब्रॅकेट आवळताना रोबो गादीवर उलटा ठेवला होता.

दुरुस्ती अशी. सपाट जागा शोधा, सरफेस प्लेट मिळाली तर उत्तम, नाहीतर ग्रॅनाइटचा ओटा चालतो. चारी ब्रॅकेटचे बोल्ट अर्धा फेरा ढिले करा, काढू नका. रोबो चाकांवर उभा करा, मध्यावर दोन-तीन किलो वजन ठेवा, चासी थोडी हलवा म्हणजे चारी चाकं आपापल्या जागी बसतील. मग बोल्ट थोडे थोडे, कर्णाकर्णानं आवळत जा, गाडीचं चाक बसवताना आवळतो तसे. आमचं निम्मं दुखणं एवढ्यातच गेलं, कर्णांचे आकडे ३.४ आणि २.६ वर आले.

उरलेल्यासाठी शिम. जे चाक हलकं आहे त्याच्या ब्रॅकेट आणि चासीच्या मधे पत्र्याचा तुकडा घालायचा म्हणजे चाक तेवढं खाली येतं. शीतपेयाच्या अ‍ॅल्युमिनियम कॅनचा पत्रा साधारण ०.१ मिमीचा असतो, कात्रीनं कापता येतो आणि एकावर एक ठेवून पाहिजे तेवढी जाडी करता येते. `FR` खाली एकेक पत्रा वाढवत गेलो आणि प्रत्येक वेळी काटा लावला. सहा पत्र्यांवर आकडे आले `FL` १.६, `FR` १.४, `RL` १.५, `RR` १.५. कर्ण ३.१ आणि २.९. वरच्या टाइल्सवर ३ मीटरला सरकणं २ सेमी. ०.६ मिमी! एवढ्याशासाठी आम्ही कोड तीनदा नव्यानं लिहिलं होतं.

मात्र हे सपाट जमिनीपुरतं. खालच्या शहाबादीवर सांध्यात चाक गेलं की परत कर्ण बिघडतो आणि रोबो तिथं तिथं झटका खातो. तिथं खरा इलाज म्हणजे पुढची दोन चाकं एका वेगळ्या पट्टीवर बसवायची आणि ती पट्टी मधोमध एकाच बोल्टवर झुलती ठेवायची, ट्रॅक्टरच्या पुढच्या आसासारखी. मग रोबो तीन पायांच्या तिवईसारखा होतो आणि चारी चाकं कायम टेकलेली राहतात.

आडवं जाताना वेगळीच कथा

सरळ जाताना रोलर फिरत नाहीत म्हणून सांगितलं. आडवं जाताना उलट, रोलर सगळा वेळ फिरतात, रोबोच्या वेगाच्या १.४ पट वेगानं त्यांची कड सरकत असते. त्यामुळं रोलरच्या दांडीतलं घर्षण, अडकलेला केस, दोरा, सगळं इथं बाहेर येतं. गणित २ मीटर सांगतं आणि रोबो जातो त्याच्या आत, आमचा १.७२ मीटर गेला. म्हणजे प्रमाण ०.८६, आणि कोडमध्ये `vy` ला `drive` मध्ये देण्याआधी ०.८६ नं भागायचं, उलट्या गणितात आलेल्या `y` ला ०.८६ नं गुणायचं. हा आकडा दुसऱ्याचा घेऊन चालत नाही, जमीन बदलली, वजन बदललं की परत मोजायचा.

आडवं जाताना नाक वळत असेल तर आधी एकेक रोलर बोटानं फिरवून बघा. आमच्या मागच्या उजव्या चाकात दोन रोलर जड होते, रांगोळीचे कण गेलेले. ते साफ करून उरलं तेवढं वळणं जायरोवर सोडा, सुरुवातीचा कोन धरून ठेवायचा आणि जेवढा फरक पडेल त्याच्या प्रमाणात `w` द्यायचा. इथं जायरो खरंच उपयोगी पडतो कारण इथं नाक खरंच वळतं.

आणि ते राहिलेले २ सेमी? काही जण `vx` च्या प्रमाणात थोडा उलटा `vy` कायमचा मिसळून टाकतात. आम्ही पण स्पर्धेच्या आदल्या रात्री ते केलं, पण स्पर्धेचं मैदान प्लायवर रंग मारलेलं होतं आणि तिथं तो दुसऱ्या बाजूला ३ सेमी गेला. तो आकडा शून्य केला, काटा लावून कर्ण एकदा बघितले, `FR` खालचा एक पत्रा वाहतुकीत निसटला होता.